डाव्या बाजूची जागा

आमच्या केंद्राची शिक्षण परिषद महिन्यातून एकदा भरते. आसपासच्या जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक केंद्रशाळेत जमतात, हजेरीच्या रजिस्टरवर सही करतात आणि जो तो आपापल्या जागेवर जाऊन बसतो. जागा कुणी नेमून दिलेल्या नाहीत, तरी त्या ठरलेल्या आहेत. खिडकीकडच्या रांगेत आम्ही बायका, दाराकडच्या रांगेत गुरुजी मंडळी. मागची बाकं आधी भरतात. उशिरा येणाऱ्याला केंद्रप्रमुखांच्या टेबलासमोर बसावं लागतं. परिषदेची शाळा बदलली तरी पहिल्या अर्ध्या तासात पुन्हा हीच मांडणी तयार होते.

या मांडणीत माळवाडीच्या बाई कायम माझ्या शेजारी असतात. आमच्याकडे शिक्षकाला गावाच्या नावानंच ओळखतात, म्हणून इथंही तसंच लिहिते. गावाचं नाव तेवढं बदललं आहे. त्यांची माझी आधीची काही ओळख नव्हती. माहेर वेगळं, डीएड वेगळ्या गावी, वयातही बरंच अंतर. बदली होऊन त्या आमच्या केंद्रात आल्या आणि पहिल्याच परिषदेला माझ्या शेजारी बसल्या. पुढच्या वेळी पुन्हा तिथंच. मग ते नेहमीचंच झालं.

कुणी सतत आपल्याच शेजारी येऊन बसायला लागलं की मनात प्रश्न येतोच. मी त्यावर जास्त विचार करायला लागले ते माझ्या मुलीमुळे. ती पुण्यात कॉलेजला आहे. एकदा फोनवर म्हणाली, "आई, एक मुलगा लेक्चरला रोज माझ्याच शेजारी बसतो. यातून काय समजायचं?" तिच्या आवाजात थोडी उत्सुकता होती, थोडी काळजीही होती. मी तिला विचारलं, वर्गात आधी कोण येतं? ती थांबली, आठवून म्हणाली, "तोच आधी आलेला असतो बहुतेक."

म्हणजे त्याच्या शेजारी तीच जाऊन बसत होती. त्याची जागा तिसऱ्या रांगेत कडेला, तिची त्याच्या लगतची. दोघांनीही वर्षाच्या सुरुवातीला आपापली जागा धरली होती आणि दोघांनीही ती सोडली नव्हती. माणसं पहिल्या एक-दोन दिवसांत जिथं बसतात, तिथंच पुढे बसत राहतात. वर्गात कुणी सांगितलेलं नसतं, तरी ती जागा 'माझी' होते, आणि तिथं दुसरं कुणी बसलेलं दिसलं की चुकल्यासारखं वाटतं. त्यामुळे शेजारी बसण्याचा अर्थ लावायचा तर जो आधी येतो त्याच्या बसण्यावरून फार काही कळत नाही. तो जागा निवडतो. नंतर येणारा मात्र माणूस निवडू शकतो, कारण कोण कुठं बसलंय हे त्याला दिसत असतं. त्यातही बाकीच्या जागा मोकळ्या असायला हव्यात. भरलेल्या वर्गात उरलेल्या एकाच जागेवर कुणी येऊन बसलं तर त्यात निवड कसली?

माळवाडीच्या बाई माझ्या नंतर येतात. त्यांच्याकडून येणारी एसटी उशिरा पोचते. त्या दारात उभ्या राहून सबंध खोली बघतात, सही करतात आणि चार बाकं मोकळी असली तरी माझ्याकडे येतात. तेव्हा ही निवडच होती. पण निवड माझी होती की बाकाची, हे एवढ्यावरून सांगता येत नव्हतं, कारण माझंही बाक ठरलेलं आहे.

ते कळलं खोली बदलली तेव्हा. एका प्रशिक्षणाला बाकं बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या होत्या आणि सगळ्यांना इंग्रजी 'यू'सारखं बसवलं होतं. नेहमीची जागाच शिल्लक राहिली नव्हती. बाई आल्या, त्यांनी खोली बघितली आणि त्या माझ्याच शेजारी बसल्या. बसण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली, ती माझ्या लक्षात राहिली. माझ्या उजव्या हाताला ऐसपैस जागा होती आणि डाव्या हाताला माझी पिशवी. त्या उजवीकडे बसल्या नाहीत. "बाई, पिशवी जरा घेता का?" म्हणाल्या आणि डावीकडे बसल्या.

बाजूकडे माझं लक्ष गेलं ते तेव्हापासून. बाकावरही त्या डावीकडेच असायच्या. मी डाव्या कडेला बसलेली असले तर त्या मला आत सरकायला सांगायच्या. कुणाशी जवळीक हवी म्हणून माणूस शेजारी बसत असेल तर त्याला दोन्ही बाजू सारख्याच. एकच बाजू धरून बसणाऱ्याचं कारण वेगळं असतं, आणि ते बहुतेकदा शरीरात असतं किंवा खोलीत असतं. डावखुरं मूल बाकाच्या डाव्या टोकाला बसू बघतं, कारण उजवीकडे बसलं की लिहिताना त्याचं कोपर शेजाऱ्याच्या कोपराला लागतं. मान आखडलेली माणसं फळ्याकडे बघताना मान वळवावी लागणार नाही अशी जागा शोधतात. कुणाला पंखा हवा असतो, कुणाला दार जवळ हवं असतं. गुडघेदुखीवाले कडेलाच बसतात.

एका परिषदेला मी रजेवर होते. दुसऱ्या दिवशी बोलता बोलता शेजारच्या शाळेच्या बाई म्हणाल्या, "काल तुम्ही नव्हता तर माळवाडीच्या बाई एकदम पुढं जाऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या." कुठल्या भिंतीला, मी विचारलं. डावीकडच्या. मी नसताना त्यांनी दुसरं माणूस निवडलं नव्हतं. त्यांनी अशी जागा निवडली होती की जिथं डावीकडे कुणीच नाही, सगळी खोली आणि बोलणारा उजवीकडे.

पुढे मी विचारल्यावर त्यांनी मला सांगितलं. लहानपणी कान फुटत होता, आणि डाव्या कानानं तेव्हापासून जवळजवळ काही ऐकू येत नाही. उजवा कान उत्तम आहे. शांत खोलीत, समोरासमोर बोलताना त्यांना काहीच अडचण येत नाही, त्यामुळे कुणाच्या ते लक्षातही येत नाही. अडचण येते ती परिषदेसारख्या ठिकाणी. पंखा फिरत असतो, मागे दोघं कुजबुजत असतात, खिडकीबाहेर मुलं ओरडत असतात आणि पुढे सूचना चाललेल्या असतात.

एका कानानं ऐकणाऱ्याचं नेमकं काय होतं हे मी नंतर समजून घेतलं. आवाज बहिऱ्या बाजूनं आला की तो डोक्याला वळसा घालून चांगल्या कानापर्यंत पोचतो. खालच्या पट्टीचे आवाज असा वळसा सहज घेतात. वरच्या पट्टीचे वाटेत मंदावतात. बोलण्यातले स्वर बहुतांशी खालच्या पट्टीत असतात, 'स', 'श'सारखी व्यंजनं वरच्या. म्हणून त्या बाजूनं कुणी बोललं की बोलणं चालू आहे हे कळतं, पण शब्द नीट कळत नाहीत. बाईंनीच उदाहरण दिलं. डावीकडून कुणी 'साठ' म्हणालं की त्यांना 'आठ' ऐकू येतं. पटसंख्या सांगताना, माहिती भरायची शेवटची तारीख ऐकताना एवढा फरक पुरेसा असतो. शिवाय आवाज कुठून आला हे ओळखायला दोन कान लागतात. एका कानाच्या माणसाला हाक ऐकू येते, पण वळायचं कुठं हे पटकन कळत नाही.

म्हणून त्यांना डावी बाजू रिकामी किंवा भिंतीकडे हवी होती आणि उजवीकडे बोलणारं माणूस. पण मग मीच का? हेही मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमची वही वाचता येते."

मी परिषदेत सगळं लिहून घेते. शाळेच्या माहितीच्या यू-डायस तक्त्यात कुठला रकाना कसा भरायचा, कुठली माहिती कधीपर्यंत पाठवायची, सगळं. अक्षर मोठं आहे, आकडे ठळक काढते. बाईंना पहिल्याच दिवशी ते दिसलं होतं. ऐकलेल्या आकड्याची शंका आली की त्या नजर खाली वळवून माझ्या वहीत बघत आणि आपल्या वहीत दुरुस्त करत. इतक्या सहज, की मला ते कधी जाणवलंच नव्हतं. चहाच्या वेळी मात्र त्या माझ्याजवळ नसत. व्हरांड्यात त्यांच्या माहेरकडच्या एक बाई असत, त्यांच्याशी बोलत उभ्या राहत. तेव्हा चहाच्या सुट्टीकडेही बघायला हवं. बसायच्या वेळी शेजारी आणि सुट्टीत दुसरीकडे असं असेल, तर शेजार कामासाठी निवडलेला असतो. सुट्टीतही तेच माणूस आजूबाजूला दिसलं, तर मग त्याला तुमची सोबत हवी आहे.

शेजारची जागा ही मुळात कामाची जागा आहे, हे अमेरिकेतल्या रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात तपासलं होतं. आयताकृती टेबलाभोवती कुठं बसाल, असं त्यानं विद्यार्थ्यांना विचारलं. नुसत्या गप्पा मारायच्या असतील तर लोक टेबलाच्या कोपऱ्याशी काटकोनात किंवा समोरासमोर बसायचं म्हणाले. चढाओढ असेल तर समोरासमोर. मिळून एखादं काम करायचं असेल तर मात्र शेजारी शेजारी. मला हे लगेच पटलं. शेजारी बसल्यावर दोघांची नजर एकाच कागदावर पडते. एकमेकांच्या चेहऱ्याकडे बघायचं तर मान वळवावी लागते, आणि माणसं ती सारखी वळवत नाहीत. चर्चेत आपण उत्तर देतो तेही बहुधा समोर बसलेल्याला, शेजारच्याला नाही. परिषदेत ज्या दोन गुरुजींचा कायम वाद होतो ते समोरासमोर बसतात. आता ते वाद होतात म्हणून तसे बसतात की तसे बसतात म्हणून वाद होतात, हे मला ठरवता आलेलं नाही.

हे सगळं ध्यानात आल्यावर मी माझ्या वर्गातल्या बाकांकडेही वेगळ्या नजरेनं बघायला लागले. आमची शाळा दोन शिक्षकी आहे, माझ्याकडे पहिली ते तिसरी. तिसरीतला एक मुलगा एका ठरावीक मुलाचा शेजार सोडायचा नाही. तो शेजारी लवकर आला नाही तर हा दप्तर ठेवून त्याची जागा धरायचा, दुसऱ्याला बसू द्यायचा नाही, प्रसंगी भांडायचा. बाकीच्यांना वाटायचं, जिगरी दोस्त. पण मधल्या सुट्टीत दोघं वेगवेगळ्या गटात खेळायचे. चहाच्या सुट्टीचा तो हिशोब इथंही लागू पडत होता, म्हणून मी त्याची वही नीट बघितली. शेजारचा मुलगा हजर असलेल्या दिवशी लेखन पूर्ण, तो गैरहजर असला की पान कोरं. जिथं मित्रानं एखादी ओळ गाळली होती, तिथं यानंही तीच ओळ गाळली होती. शेजाऱ्यानं चुकीची लिहिलेली वेलांटीसुद्धा जशीच्या तशी होती. तो फळ्यावरचं उतरवून घेतच नव्हता, शेजारच्या वहीतलं घेत होता. अभ्यासात तो मागे नव्हता. तोंडी विचारलं की उत्तरं बरोबर द्यायचा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं तेव्हा मी त्याचे डोळे मुद्दाम नीट तपासायला सांगितले. दूरचं दिसत नव्हतं. पुढच्या तपासणीसाठी त्याला पाठवलं, चष्मा लागला. चष्मा आल्यावर थोड्या दिवसांनी त्यानं जागा धरणं आपोआप सोडून दिलं आणि ज्यांच्याबरोबर खेळायचा त्यांच्यात जाऊन बसला. आधीचा शेजारी थोडा हिरमुसला होता. त्याच्या दृष्टीनं ती मैत्रीच होती, आणि त्याला तसं वाटणं चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही.

कारण शेजार कुठल्याही कारणानं जुळलेला असो, त्यातून मैत्री होते. हंगेरीतल्या ४० शाळांमध्ये यावर मोठा प्रयोग झाला. तिसरी ते आठवीच्या वर्गांमध्ये मुलांच्या जागा सत्राच्या सुरुवातीला चिठ्ठ्या काढाव्यात तशा ठरवल्या, त्यात ना मुलांची निवड होती ना शिक्षकांची. २०२१ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन मुलांनी एकमेकांना मित्र म्हणून सांगण्याचं प्रमाण एरवी १५ टक्के होतं, एका बाकावर बसलेल्यांत ते २२ टक्के झालं. जी मुलं आधीच एकमेकांसारखी होती त्यांच्यात वाढ जास्त दिसली, वेगळी असलेल्यांतही दिसली, पण कमी. मोठ्या माणसांचंही तेच. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रात उमेदवारांना आडनावाच्या अक्षरांप्रमाणे जागा आणि खोल्या दिल्या जात. पुढे त्यांना जवळचे मित्र विचारले तेव्हा नावं निघाली ती बरीचशी आडनावाच्या यादीत जवळ असलेल्यांची. हा अभ्यास १९७४ सालचा.

हे वाचताना मला आमचं डीएडचं कॉलेज आठवलं. तिथंही हजेरीपट आडनावानं लागायचा आणि पाठांचे गट हजेरीपटावरून पडायचे. माझ्या आजवर टिकलेल्या दोन मैत्रिणींचे हजेरी क्रमांक माझ्या पुढचे-मागचेच होते. आम्ही तिघींनी एकमेकींना निवडलं असं मी वर्षानुवर्षं मानत आले. निवड हजेरीपटानं केली होती, टिकवलं मात्र आम्ही.

माझ्या मुलीनंही पुढे स्वतःच एक दिवस जागा बदलून बघितली. मुद्दाम दुसऱ्या टोकाला बसली. तो मुलगा आपल्या जागेवरच राहिला, दुरून हात केला, लेक्चरनंतर "आज तिकडे कशी?" एवढं विचारलं. तिला जे कळायचं ते कळलं. पण मी तिला एक गोष्ट आवर्जून सांगितली, आणि ती इथंही लिहिते. आपण जागा बदलल्यावर कुणी उठून मागे आलं, तर ते आपल्याला आवडतंय की नाही, हे त्याच्या हेतूपेक्षा महत्त्वाचं. आपण मध्ये पिशवी ठेवली, अंग चोरलं, कडेची जागा घेतली, की समजूतदार माणूस तेवढ्यावरून अंतर ठेवतो. माळवाडीच्या बाईंनी पिशवी घेता का असं विचारलं होतं, आणि मी नाही म्हणाले असते तर त्या दुसरीकडे बसल्या असत्या. न विचारता पिशवी उचलून बाजूला ठेवणारा, सारखा आपली वाट अडेल असाच बसणारा माणूस असेल, तर तिथं कान, डोळे, सवय असली कारणं शोधत बसू नये. शिक्षकांना, वरिष्ठांना सरळ सांगावं आणि जागा बदलून घ्यावी.

एरवी मात्र विचारायला संकोच वाटू नये, फक्त विचारायची रीत हवी. "तुम्ही नेहमी माझ्याच शेजारी का बसता?" असं म्हटलं की समोरच्याला आपण काही चोरल्यासारखं वाटतं आणि तो पुढच्या वेळी लांब बसतो. मी बाईंना विचारलं होतं, "तुम्हाला हीच बाजू सोयीची पडते का?" त्यावर त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग कानाचं सगळं सांगितलं. केंद्रात त्यांनी ते दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नव्हतं. बदलीच्या ठिकाणी लोक काय म्हणतील, शिकवता येतं का म्हणून शंका घेतील, ही धास्ती. त्यांच्या वर्गात मी जाऊन आले आहे. त्या फळ्याच्या टोकाशी, भिंत आपल्या डाव्या हाताला येईल अशा उभ्या राहून शिकवतात, मुलांकडे तोंड करून जराशा डावीकडे वळतात, म्हणजे सगळी मुलं उजव्या कानाच्या बाजूला येतात. उत्तर देणाऱ्या मुलानं उभं राहून हात वर करायचा, अशी त्यांच्या वर्गाची शिस्त आहे. कुठून आवाज आला ते हातावरून कळतं. मुलांना ती नुसती शिस्तच वाटते.

माझ्या वर्गात आता दर महिन्याला मी जोड्या बदलते. बदलल्यावर पहिल्या आठवड्यात वह्या तपासताना कुणाची वही अचानक कोरी राहायला लागली, कुणाच्या ओळी सुटायला लागल्या, हे आधी बघते. कुणी नव्या जागेवरून सारखं एकाच बाजूला मान वळवतंय का, हाक मारल्यावर भलतीकडेच बघतंय का, तेही बघते. सगळीच मुलं या गोष्टीसाठी शेजारी धरून ठेवत नाहीत. काहींना खरोखर तो मित्र हवा असतो, आणि महिनाभर दूर बसवलं की ती घरी जाऊन आईकडे तक्रार करतात. मग आई शाळेत येते, दारात उभी राहून म्हणते, "बाई, त्याला त्याच्याच शेजारी बसू द्या की." वही भरलेली असेल आणि फळा दिसत असेल, तर मी बसू देते.